बागेतली वळणाची वाट : स्टेपिंग स्टोन नक्की किती घ्यायचे?

निशिगंध_वाई | शनिवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. वाईजवळच्या घराचं काम एकदाचं संपलं, आता अंगण राहिलंय. फाटकापासून ओटीच्या पायरीपर्यंत हिरवळीत फरश्या टाकून वाट करायची आहे. मध्ये जुना आंबा आहे. त्याला उजवीकडून वळसा, मग पुन्हा डावीकडे, अशी नागमोडी वाट चुन्याने आखून ठेवली आहे. फाटक ते पायरी नाकासमोर मोजलं तर ३३ फूट, आणि वळणावरून दोरी टाकून मोजलं तर ३८ फूट.

फरशी शहाबादी, रफ, दीड इंच जाडीची. माप दोन फूट बाय दीड फूट. दोन फुटांची बाजू वाटेला आडवी, म्हणजे चालताना पायाखाली दीड फूट येईल. दोन फरश्यांमध्ये सहा इंच हिरवळ.

आता गंमत अशी की तीन माणसांनी मला तीन आकडे दिलेत. मिस्त्री म्हणतात १७ लागतील. फरशीवाला म्हणतो २५ घ्या. माझ्या वहीत १९ आले. आठ फरश्यांचा फरक म्हणजे पैशांचा प्रश्न आहेच, पण मला जास्त भीती वाटते ती अर्ध्या वाटेवर फरश्या संपण्याची. नंतर आणलेल्या फरशीचा रंग जुळत नाही हे जिन्याच्या वेळी भोगून झालंय. कोणाचं बरोबर?

भिडू_नं_१ | सकाळी ९.३२

सोपं आहे ताई. ३८ फूट लांब, २ फूट रुंद, झाले ७६ चौरस फूट. एक फरशी ३ चौ. फुटांची. ७६ भागिले ३, पंचवीस आणि वर थोडं. तुटफूट धरून २७ घ्या. आमच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा असाच हिशोब केला होता, एकही ब्लॉक कमी पडला नाही.

शेवंती | सकाळी ९.४०

भिडू, तिला सलग फरसबंदी नाही करायची, मधे गवत सोडायचंय. गवताचे पैसे फरशीवाल्याला कशाला द्यायचे?

(बहुतेक फरशीवाल्याने पण हाच हिशोब केलाय, म्हणून त्याचे २५.)

भिडू_नं_१ | सकाळी ९.४४

अरे हो. फटी वाचल्याच नाहीत. चहा व्हायचा होता.

इंजि_प्रसन्न | सकाळी १०.०५

मिस्त्रींचा आकडा कुठून आला तेही सांगतो. त्यांनी सरळ ३३ फूट धरले, म्हणजे ३९६ इंच. फरशी १८ आणि फट ६ मिळून २४. भागलं की साडेसोळा, म्हणून १७. ते वळण विसरले.

पण ताई, तुमचे १९ पण अंदाजेच आहेत. तुम्ही ४५६ ला २४ ने भागलं असणार. नियम असा की फरश्यांपेक्षा फटी एकने कमी असतात. पहिली आणि शेवटची फरशी टोकाला असेल तर शेवटच्या फरशीपुढे फट नसते. म्हणून लांबीत एक फट मिळवून मग भागायचं. ४५६ अधिक ६ म्हणजे ४६२, भागिले २४, उत्तर १९.२५. वरच्या पूर्णांकाला न्या, २०. शिवाय वळणात बाहेरची कड जास्त लांब असते, तेव्हा मोजणी बाहेरच्या कडेने करा आणि वर १० टक्के धरा. २२ घ्या आणि निवांत झोपा.

ओळंबा | सकाळी ११.२०

प्रसन्नराव, फटीचं तुमचं म्हणणं बरोबर, त्यापुढचं मला पटत नाही. चाळीस वर्षं साइटवर काढली आहेत, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आधी टोकांचं बघू. ताईंच्या फाटकापाशी काँक्रीटचा उतार असेल आणि ओटीपाशी पायरी आहेच. मग पहिली फरशी उताराला चिकटवून कोणी लावत नाही, तिथेही फट सोडतात. पायरीपाशीही तसंच. म्हणजे फटी एकने कमी नाहीत, एकने जास्त. तेव्हा लांबीतून एक फट वजा करायची. ४५० भागिले २४, पावणेएकोणीस. एका टोकाला फट असेल आणि एका टोकाला नसेल तर साधा भागाकार, बरोबर १९.

बघा, सव्वाएकोणीस, एकोणीस, पावणेएकोणीस. तिन्ही तऱ्हांनी फरश्या १९च लागतात. अपूर्णांक आला की वर न्यायचा की खाली, यावरही भांडायला नको. फरशी कापायची नाही, फट बदलायची. दोन्ही टोकांना फट असेल तर १९ फरश्यांनी ३४२ इंच अडले, उरले ११४, फटी २०. प्रत्येक फट पाच इंच आणि वर पाऊण इंचाला थोडी कमी. सहाच्या जागी पावणेसहा झाल्याचं तुमच्या आंब्यालाही कळणार नाही.

आता बाहेरच्या कडेचं. वाट एकाच बाजूला वळत असती तर बाहेरची कड खरंच लांब भरली असती. दोन फूट रुंद वाट काटकोनात वळली तर बाहेरची कड मधल्या रेषेपेक्षा सुमारे दीड फुटाने लांब होते. पण ताईंची वाट आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे वळते. पहिल्या वळणात जी कड बाहेरची, तीच दुसऱ्यात आतली. दोन्ही वळणं सारखी असतील तर हिशोब फिटतो. काहीही असो, मोजायची ती मधली रेषा, कारण फट आपण मधे मोजतो.

दहा टक्के कशाचे? तुटफुटीच्या दोन जास्त घ्या आणि थांबा.

पण ताई, माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. या वाटेवरून चालणार कोण?

निशिगंध_वाई | दुपारी १२.१५

काका, खूप आभार. फाटकापाशी उतार आहेच, तुम्ही न बघता ओळखलंत.

चालणार आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासूबाई. आई ७४ वर्षांच्या, उजव्या गुडघ्याचा त्रास आहे. रोज सकाळी फुलं काढायला आंब्यापर्यंत आणि संध्याकाळी फाटकापर्यंत त्यांचीच फेरी असते. आम्ही दोघं गाडीनेच आत-बाहेर करतो.

ओळंबा | दुपारी १२.४०

मग फरशी-फट सगळं बाजूला ठेवा. आखलेल्या रेषेवरून तिघंही नेहमीच्या चालीने चाला आणि पावलं मोजा. आईंना मोजतोय असं सांगू नका, नाहीतर त्या जपून चालतील.

फटीवरून हिशोब सुरू करणं हीच मुळात उलटी रीत आहे. आधी एका फरशीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर ठरवायचं, आणि ते ठरवतं माणसाचं पाऊल. त्यातून फरशी वजा केली की उरते ती फट.

कोकणी_मेवा | दुपारी १.०५

आमच्याकडे देवरुखला विहिरीपर्यंत चिऱ्यांची वाट आहे, आजोबांनी घातलेली. कोणी काही मोजलं नव्हतं. आजोबा पाऊल टाकत पुढे आणि गडी मागून तिथे चिरा ठेवत. आजोबा सहा फुटी! आजी जन्मभर त्या वाटेवर अर्धी पावलं चिऱ्यावर आणि अर्धी चिखलात टाकत गेली. हंडा कमरेवर घेऊन.

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. पावसात चिऱ्यावर शेवाळ येतं, त्याला काय करावं?

शेवंती | दुपारी १.२०

शेवाळासाठी तारेचा ब्रश आणि घाम. दुसरं काही मी तरी पाहिलं नाही. आजोबांचा किस्सा मात्र जबरी.

नेकारकाठ | दुपारी ३.३०

स्टुटगार्टहून. इथे बागेच्या वाटेसाठी मध्य ते मध्य ६० ते ६५ सेंमी धरायची पद्धत आहे, म्हणजे साधारण दोन फूट. ताईंचे २४ इंच त्यात बसतात. पण इथले बागवाले गिऱ्हाइकाला आधी चालून दाखवायला सांगतात, हेही खरं.

थोडं अवांतर. जपानी चहाबागेतल्या अशा दगडांना तोबिइशी म्हणतात. तिथे दगड जवळजवळ असतात आणि एका ओळीत नसून किंचित डावे-उजवे असतात, कारण किमोनोत लांब पाऊल पडत नाही. रिक्यू हा चहागुरू म्हणे सहा भाग चालणं आणि चार भाग देखणेपण धरायचा, आणि त्याचा शिष्य ओरिबे याच्या उलट. आपल्याकडे नऊवारीचं पाऊल आणि जीन्सचं पाऊल, हाच वाद.

निशिगंध_वाई | संध्याकाळी ६.५०

मोजलं! ३८ फुटांत नवऱ्याची १७ पावलं, माझी २०, आईंची २४. आईंचं पाऊल ४५६ भागिले २४, म्हणजे १९ इंच. नवऱ्याचं जवळजवळ २७.

मी २४ इंचांवर फरश्या टाकल्या असत्या तर त्या माझ्याही फारशा कामाच्या नव्हत्या.

एक चूकही सापडली. काल मी नायलॉनच्या दोरीने मोजलं होतं. आज सुतळीने मोजलं तर ३८ फूट आले, काल मी ३८ लिहिण्याआधी एकदा ३९ पण आले होते! दोरी वळणावर सैल ठेवली होती आणि टेपला लावताना ओढून ताणली होती. नायलॉन ताणला जातो हे डोक्यात आलंच नाही.

आता माझ्या मनात असं आहे : दीड फुटी फरशी तीच ठेवायची, पण फट फक्त २ इंचांची. मग कोणीही कसंही चाला, पाऊल फटीत पडणारच नाही. मध्य ते मध्य २० इंच. वर प्रसन्न यांनी सांगितल्याप्रमाणे ४५८ भागिले २०, म्हणजे २३ फरश्या. चालेल ना?

इंजि_प्रसन्न | संध्याकाळी ७.०५

उत्तम तोडगा. २३ आणि २ जादा, २५. फरशीवाला चुकीच्या हिशोबाने बरोबर निघाला!

ओळंबा | रात्री ८.१५

थांबा, थांबा. सरळ भागात ठीक आहे. आंब्यापाशी फरश्या एकमेकींवर चढतील.

पत्त्यांचा पंखा डोळ्यांसमोर आणा. वरची टोकं फाकतात आणि खालची एकमेकांवर जातात. चौकोनी फरशी वळणावर तशीच वागते. मधे फट २ इंच असली तरी आतल्या कडेला ती कमी होते आणि बाहेरच्या कडेला तेवढीच वाढते. किती, ते वळण किती आवळ आहे त्यावर.

ताई, एक माप काढून द्या. आंब्याच्या वळणात मधल्या रेषेवर दोन खुंट्या मारा, एकमेकींपासून सरळ १० फुटांवर. त्यांच्यामध्ये सुतळी ताणा. सुतळीच्या मध्यापासून वळणाचा फुगवटा किती बाहेर जातो ते मोजा.

निशिगंध_वाई | रात्री ८.५०

टॉर्च घेऊन मोजलं, शेजाऱ्यांना वाटलं काही हरवलंय. फुगवटा बरोबर २ फूट.

ओळंबा | रात्री ९.३०

तर मग त्रिज्या काढू. सुतळीची लांबी १०, तिचा वर्ग १००. त्याला फुगवट्याच्या आठपटीने, म्हणजे १६ ने भागा, सव्वासहा. त्यात फुगवट्याची निम्मी, १ फूट मिळवा. सव्वासात फूट, म्हणजे ८७ इंच. वळणाचं केंद्र मधल्या रेषेपासून एवढं लांब आहे.

आतल्या आणि बाहेरच्या फटीतला फरक काढायला फरशीची आडवी रुंदी गुणिले मध्य ते मध्य अंतर, भागिले त्रिज्या. तुमच्या बाबतीत २४ गुणिले २० भागिले ८७, साडेपाच इंच. त्यातला निम्मा आत कमी होणार, निम्मा बाहेर वाढणार. मधे २ इंच फट, आत पावणेतीन इंच कमी. म्हणजे फट उणे पाऊण इंच. फरशी फरशीवर.

असं झालं की मिस्त्री काय करतो सांगू? फरश्या थोड्या बाहेर सरकवतो. कड जुळते, पण मधली फट वाढते, वळण फोपसं होतं आणि फरश्या उरतात. मग शेवटच्या सहा फुटांत दाटीवाटीने त्या संपवतो. एखाद्या वाटेचं शेवटचं टोक दाट दिसलं की समजावं, वळणावर घोळ झालाय.

तुमच्या मूळ योजनेत, ६ इंच फट आणि २४ अंतर, हाच फरक साडेसहा इंच येतो. आत पावणेतीन आणि बाहेर सव्वानऊ. ते दिसायला चालून जातं. मोठी फट वळण पोटात घालते, बारीक फट घालत नाही.

शेवंती | रात्री ९.५०

मग गोल फरशी घ्या की! गोलाला कोपराच नाही, चढणार काय? दीड फूट व्यासाच्या, २ इंच फट, २३ नग. वळण असो नाहीतर नसो.

ओळंबा | रात्री १०.०५

शेवंतीताईंचं बरोबर आहे, गोलाला वळण बाधत नाही. पण गोलात २ इंचांची फट फक्त मधोमध असते. पाऊल चार-पाच इंच बाजूला पडलं की तीच फट चार-पाच इंचांची होते. गुडघा दुखणारा माणूस मधोमध चालत नाही. शिवाय सिमेंटचे गोल साच्यातले गुळगुळीत असतात. रफ शहाबादी गोल कापून घ्यायची तर कटाईच फार होते.

निशिगंध_वाई | रविवार, सकाळी ८.२०

रात्रभर डोक्यात फरश्याच. काका, मग आईंच्या १९ इंचांवर काय बसतं?

ओळंबा | सकाळी ९.१५

फरशीची चालण्याच्या दिशेची बाजू कमी करा. आईंचं पाऊल नऊ-साडेनऊ इंच लांब असेल. त्याला १२ इंचांची फरशी पुरते. १९ मधून १२ गेले, ७ इंच हिरवळ राहिली.

आता दोन्ही टोकांना फट धरून : ४५६ वजा ७, म्हणजे ४४९, भागिले १९. साडेतेवीसच्या जरा वर. २४ फरश्या घेतल्या तर त्या २८८ इंच अडवतील, उरतील १६८, फटी २५. प्रत्येक फट पावणेसात. मध्य ते मध्य पावणेएकोणीस. आईंच्या पावलाला हे चपखल.

वळणावर बघू. एक फूट बाय दीड फूट असा तुकडा घेऊन दीड फुटाची बाजू आडवी ठेवली तर फरक १८ गुणिले पावणेएकोणीस भागिले ८७, चार इंचांना थोडा कमी. आत पावणेपाच आणि बाहेर पावणेनऊ. छान.

आणि फायदा असा की हे तुकडे तुमच्या दोन बाय दीडच्या फरशीचे बरोबर दोन होतात. दोन फुटांची बाजू मधोमध कापायची. २४ तुकड्यांना १२ फरश्या, आणि जादा म्हणून एक. १३ फरश्या, ३९ चौ. फूट. फरशीवाल्याच्या २५ च्या जवळजवळ निम्म्या.

भिडू_नं_१ | सकाळी ९.२५

१३!! मी २७ सांगितल्या होत्या. मी हा धागा सोडतो.

इंजि_प्रसन्न | सकाळी ९.५५

काका, हिशोब मान्य, पण वाईची काळी माती आहे. दोन बाय दीडची दीड इंची फरशी साडेसत्तावीस किलोच्या आसपास भरते, निम्मी केली की चौदाच्या आत-बाहेर. एवढा हलका तुकडा काळ्या मातीवर दोन पावसाळ्यांत डुलायला लागेल. माती फुगते, मग आकसते. आणि ज्यांच्यासाठी आपण हे सगळं करतोय त्या आजीच डुगडुगत्या फरशीवर पाय ठेवतील. मी तर म्हणतो, मोठी फरशी आणि आजींनी दोन पावलं एका फरशीवर टाकावीत.

ओळंबा | सकाळी १०.३०

डुलण्याची भीती खरी आहे, नाही म्हणत नाही. पण फरशी वजनाने बसत नाही, तिच्या पोटाखाली पोकळी नसेल तर बसते. काळी माती चार-पाच इंच काढून मुरूम भरायचा, पाणी मारून धुमसायचा, वर इंचभर कच अंथरून फरशी ठोकून बसवायची. एका कोपऱ्यावर उभं राहून बघायचं. ठक आवाज आला तर उचलून पुन्हा.

दोन पावलं एका फरशीवर, हे गणितात जमतं पण पायाला जमत नाही. २४ इंचांच्या वाटेवर १९ इंचांचं पाऊल टाकत निघालं की दर फरशीला पाच इंचांची चूक साचते. तिसऱ्या-चौथ्या पावलाला टाच फटीवर येते. मग माणूस एक छोटं पाऊल टाकून जुळवून घेतो. गुडघा दुखतो तो अशाच पावलाला.

इंजि_प्रसन्न | सकाळी १०.४५

मुरूम धरूनही मी दोन इंच जाडीची घेईन. बाकी तुमची मर्जी.

कोकणी_मेवा | सकाळी ११.१०

प्रसन्नना +१. आमचे चिरे सात इंच जाड, पन्नास वर्षं हलले नाहीत. अर्थात आमची माती पण वेगळी.

नेकारकाठ | दुपारी १.००

फरश्या आणण्याआधी पुठ्ठे कापा. खोके कुठेही मिळतात. २४ पुठ्ठे मांडून एक दिवस चाला.

निशिगंध_वाई | सोमवार, संध्याकाळी ७.३०

नेकारकाठ, तुम्हाला घरी जेवायला बोलवायला हवं. काल फ्रिज, कपाटं, पंखे सगळ्यांची खोकी कापली. एक फूट बाय दीड फूट, २४ पुठ्ठे, प्रत्येकावर एक वीट.

पहिल्यांदा मांडले तर २२ मांडून झाले तेव्हाच पायरी आली! दोन उरले. मी घाबरले, मग लक्षात आलं : पावणेसात इंचांची लाकडी पट्टी मी फट मोजायला वळणावर आतल्या कडेला लावत होते. तिथे फट कमीच असायला हवी, मी पूर्ण धरली. त्यामुळे मधे ती नऊच्या जवळ गेली. दोन्ही वळणांत मिळून पुठ्ठे मागे राहिले. पट्टी मधल्या सुतळीवर लावून पुन्हा मांडले, २४ बरोबर बसले. शेवटची फट मात्र सहाच इंच भरली, ती मी पाच-सहा फटींत वाटून टाकली.

मग आई चालल्या. सरळ भागात एकदम झकास, खाली न बघता. आंब्यापाशी मात्र त्यांचा पाय प्रत्येक वेळी पुठ्ठ्याच्या आतल्या कडेवर, दोनदा तर बाहेर गवतावरच. मी म्हटलं, आई मधून चाला ना. त्या म्हणाल्या, "अगं, वाट तिकडून जाते पण पाय इकडूनच जातात."

नवऱ्याला चालवलं, तोही आतूनच.

ओळंबा | रात्री ८.१०

आईंना नमस्कार सांगा. मी जे चाळीस वर्षांत शिकलो ते त्यांनी एका फेरीत सांगितलं. वळणावर माणूस आतून चालतो. रस्त्यावरचा बैलसुद्धा.

तेव्हा आंब्याच्या वळणातले सहा-सात पुठ्ठे चार इंच आत सरकवा आणि दोन्ही बाजूंनी सरळ भागाशी हळूहळू जुळवून घ्या. मग सुतळी पुन्हा टाकून मोजा. लांबी थोडी घटेल.

निशिगंध_वाई | मंगळवार, सकाळी १०.००

सरकवले. सुतळी ४४८ इंच भरली, म्हणजे ८ इंच कमी. २४ फरश्यांचे २८८ वजा करून उरले १६०, फटी २५, प्रत्येकी ६.४. फरश्या तेवढ्याच! मला वाटलं होतं पुन्हा सगळा हिशोब बदलेल.

आई आता वळणावरही मधून जातात. म्हणजे त्या बदलल्या नाहीत, वाट त्यांच्याखाली आली.

१३ फरश्या सांगितल्या. फरशीवाला म्हणाला, कटाईचा चार्ज वेगळा आणि एवढ्याशा मालाला टेम्पोचं भाडं तेवढंच. त्याला म्हटलं, असू दे. जाडीचं अजून ठरत नाहीये. त्याच्याकडे दीड इंची तयार आहे, दोन इंचीला पंधरा दिवस लागतील.

इंजि_प्रसन्न | सकाळी १०.२०

पंधरा दिवस थांबा.

ओळंबा | सकाळी १०.४०

दीड इंची चालेल, मुरूम नीट धुमसा. आणि ऐकणार असाल तर पावसाळ्याआधी बसवून टाका.

शेवंती | सकाळी ११.०५

आणि फरशी गवताच्या बरोबरीने की अर्धा इंच वर? बरोबरीने ठेवली तर गवत कापायचं यंत्र वरून फिरतं, पण पावसात माती चढते. वर ठेवली तर आजींचा अंगठा अडेल.

कोकणी_मेवा | सकाळी ११.१५

आमची वर आहे. आजोबांनी ठेवली होती. आजी दोनदा पडली.

ओळंबा | सकाळी ११.३०

पाव इंच वर. एवढंच, की पाणी थांबू नये आणि पाय अडू नये.

निशिगंध_वाई | दुपारी २.४५

पाव इंच, ठरलं. जाडीवर घरात मतदान झालं, एकास दोन. आईंनी पुठ्ठे मात्र उचलू दिले नाहीत. रोज सकाळी त्यावरूनच आंब्यापर्यंत जातात, विटा चुकवत.